पाच टक्के जास्त पावले, पाच टक्के जास्त वेग? एका गुणाकाराचा प्रतिवाद

धावण्याचा वेग म्हणजे एका मिनिटात पडणारी पावले आणि एका पावलात कापलेले अंतर यांचा गुणाकार, हे विधान व्याख्येनेच खरे आहे आणि त्याविषयी कोणाचाही वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो या विधानातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. मिनिटाला पडणाऱ्या पावलांच्या संख्येला धावपटू ‘केडन्स’ म्हणतात. हा केडन्स पाच टक्क्यांनी वाढवला की वेगही पाच टक्क्यांनी वाढेल, आणि केडन्स वाढवणे हे केवळ सवयीचे काम असल्यामुळे वेगाची ही वाढ जवळजवळ फुकटच पदरात पडेल, असा सल्ला हौशी धावपटूंना सर्रास दिला जातो. ब्रिटनमध्ये दर शनिवारी सकाळी उद्यानांतून होणाऱ्या पाच किलोमीटरच्या ‘पार्करन’मुळे धावू लागलेल्यांपैकी ज्यांच्या मनगटावर केडन्स दाखवणारे घड्याळ आहे, त्यांना तर हा सल्ला विशेष पटतो, कारण ज्या आकड्यावर काम करायचे तो आकडा डोळ्यांसमोर असतो आणि थोड्या प्रयत्नाने बदलताही येतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो ज्या गुणाकाराच्या आधाराने मांडला जातो, त्याच गुणाकाराने तो खोडूनही निघतो.

आधी संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. एका पायाच्या टेकण्यापासून दुसऱ्या पायाच्या टेकण्यापर्यंतचे अंतर ते ‘पाऊल’, आणि एका पायाच्या टेकण्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर, म्हणजे दोन पावले मिळून होणारे अंतर, ती ‘ढांग’, असा भेद येथे पाळला आहे. शास्त्रीय लेखनात मोजमाप बहुधा ढांगेचे असते आणि घड्याळे बहुधा पावले मोजतात, त्यामुळे एका ठिकाणचे 80 हे दुसऱ्या ठिकाणचे 160 असतात. हा भेद नजरेआड झाला तर पुढचा सगळा हिशेब दुपटीने चुकतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. टेडिंग्टनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 रोजी 13 धावपटूंनी या शनिवारच्या धावांचा प्रारंभ केला. तिथे पाच किलोमीटर बरोबर तीस मिनिटांत पूर्ण करणारी एखादी धावपटू कल्पावी. तिचा वेग मिनिटाला 166.7 मीटर, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे इतका होतो. तिचा केडन्स 160 असेल, तर तिचे पाऊल 166.7 भागिले 160, म्हणजे सुमारे 104 सेंटिमीटरचे असले पाहिजे. तिला सांगितले जाते की केडन्स 168 कर. पाऊल जर 104 सेंटिमीटरच राहिले, तर वेग मिनिटाला 175 मीटर होतो आणि पाच किलोमीटरला 28 मिनिटे 34 सेकंद लागतात. पावलांची लय थोडी बदलली आणि जवळजवळ दीड मिनिट वाचले, हा या सल्ल्याचा सारा मोह आहे. गणितात चूक नाही. चूक आहे ती ‘पाऊल जर तेवढेच राहिले’ या अटीत, जी सल्ला देणारे उच्चारत नाहीत आणि घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

ही अट पाळली जाणे कठीण का आहे, हे एका पावलाच्या आत डोकावले की कळते. केडन्स 160 असताना एका पावलाला 0.375 सेकंद मिळतात आणि 168 असताना 0.357 सेकंद, म्हणजे प्रत्येक पावलामागे सुमारे 18 सहस्रांश सेकंद कमी होतात. या धावपटूचे शरीर सेकंदाला 2.78 मीटर या वेगाने पुढे सरकत आहे. पाय लवकर टेकला म्हणून शरीर आपोआप अधिक वेगाने सरकू लागत नाही, ते पूर्वीच्याच वेगाने, पण थोडा कमी काळ सरकते. त्या 18 सहस्रांश सेकंदांत जे अंतर कापले गेले असते ते सुमारे पाच सेंटिमीटर होते, आणि तेवढेच पाऊल आखूड होते. नवे पाऊल 99 सेंटिमीटरचे, नवा केडन्स 168, आणि यांचा गुणाकार पुन्हा तोच, मिनिटाला 166.7 मीटर. शेवटच्या रेषेवर घड्याळ पुन्हा तीस मिनिटेच दाखवते. पाऊल 104 सेंटिमीटरवर टिकवायचे असेल, तर प्रत्येक वेळी जमिनीला मागे रेटून शरीराचा वेगच वाढवावा लागेल. म्हणजे वेग वाढावा म्हणून पाऊल टिकवायचे आणि पाऊल टिकावे म्हणून आधी वेग वाढवायचा, अशा चक्रात हा युक्तिवाद अडकतो.

वेग वाढवण्याची किंमत केडन्स बदलल्याने माफ होत नाही. धावण्याच्या ऊर्जाव्ययाविषयी इटलीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये जे दाखवले ते आजही ढोबळमानाने प्रमाण आहे : सपाट जमिनीवर माणसाला दर किलोग्रॅम वजनामागे आणि दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते, मग तो सावकाश धावो की भरभर. अंतरामागचा खर्च जर जवळजवळ स्थिर असेल, तर मिनिटामागचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि पाच टक्के वेगासाठी प्रत्येक मिनिटाला साधारण पाच टक्के अधिक ऊर्जा पुरवावी लागते. आपल्या धावपटूने तीस मिनिटांची धाव सर्व ताकदीनिशी पूर्ण केली असेल, तर ही वाढीव ऊर्जा तिच्या फुप्फुसांत, हृदयात आणि स्नायूंत त्या शनिवारी शिल्लक नसते. ती आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या सरावाने निर्माण करावी लागते.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत प्रभावी पुरावा विचारात घेणे न्याय्य ठरेल. घड्याळातील नोंदी पाहिल्या तर ज्या दिवशी धाव जलद झाली त्या दिवशी केडन्सही जास्त आढळतो, आणि जलद धावणाऱ्यांचा केडन्स संथ धावणाऱ्यांपेक्षा बहुधा जास्त असतो. मग केडन्समुळे वेग वाढतो असे का म्हणू नये? या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर धावपटूंच्या प्रयोगशाळेतून नव्हे, तर लीड्स विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर यांच्या संशोधनातून मिळते. अलेक्झांडर यांनी 1976 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डायनॉसॉरांच्या वेगाचा अंदाज बांधणारा एक निबंध प्रसिद्ध केला. डायनॉसॉरांच्या पावलांचे ठसे दगडात उरले आहेत, त्यांवरून ढांगेची लांबी मोजता येते आणि ठशाच्या आकारावरून नितंबाची उंची अंदाजता येते, पण तो प्राणी मिनिटाला किती पावले टाकत होता याचा कोणताही पुरावा दगडात उरत नाही. केडन्स अज्ञात असताना वेग काढायचा कसा? अलेक्झांडर यांनी माणसासह अनेक जिवंत प्राण्यांच्या चालण्याधावण्याची मापे एकत्र केली आणि त्यांतून हे सूत्र बसवले :

```
v = 0.25 g^0.5 λ^1.67 h^-1.17
```

यात v म्हणजे सेकंदाला मीटरमधील वेग, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण, λ म्हणजे ढांगेची लांबी आणि h म्हणजे जमिनीपासून नितंबाच्या सांध्याची उंची. सूत्रात केडन्सला जागाच नाही. प्राणी आपल्या मर्जीने चालत वा धावत असतो, तेव्हा वेग बदलताना त्याची ढांग आणि लय या दोन्ही गोष्टी एका ठरलेल्या प्रमाणात एकत्र बदलतात, आणि म्हणूनच एकीवरून दुसरीचा अंदाज करता येतो. लय आणि लांबी स्वभावतः एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर केवळ ठशांवरून वेग सांगण्याची ही पद्धत उभीच राहिली नसती. बुशी पार्कमधील धावपटूची ढांग 2.08 मीटर आणि नितंबाची उंची 0.9 मीटर धरली, तर सूत्र सेकंदाला सुमारे तीन मीटर वेग सांगते, तर तिचा खरा वेग 2.78 मीटर आहे. उंदरापासून हत्तीपर्यंतच्या शरीरांना एकाच सूत्रात बसवणाऱ्या नियमाकडून याहून अधिक अचूकतेची अपेक्षा करू नये. एखाद्या धावपटूची वेळ ठरवण्यासाठी हे सूत्र नाही. वेग, लांबी आणि लय यांच्या नात्याचा आकार कसा आहे, तेवढे त्यातून घ्यावे.

तो आकार सूत्रातील 1.67 या घातांकात आहे. वेग हा ढांगेच्या 1.67 व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, याचा अर्थ उलट बाजूने असा की ढांग वेगाच्या साधारण 0.6 व्या घाताच्या प्रमाणात वाढते, आणि उरलेला 0.4 घात लयीच्या वाट्याला येतो. लहान बदलांसाठी हे अगदी सोप्या भाषेत सांगता येते : वेगात पाच टक्के वाढ झाली, तर त्यांतील सुमारे तीन टक्के लांबीतून आणि दोन टक्के केडन्समधून येतात. म्हणजे आपल्या धावपटूने वर्षभराच्या सरावानंतर खरोखरच 28 मिनिटे 34 सेकंद गाठले, तर तिचा केडन्स 168 नव्हे, 163 च्या आसपास असेल, आणि पाऊल 104 वरून 107 सेंटिमीटरवर गेलेले असेल. तिची प्रगती मुख्यतः पावलाच्या लांबीत दिसेल, आणि तिला तर लय वाढवायला सांगितले जात होते.

याच नात्याने प्रतिपक्षाच्या पुराव्याचाही उलगडा होतो. केडन्स स्वभावतः, म्हणजे वेग वाढल्यामुळे, पाच टक्क्यांनी वाढला असेल, तर अलेक्झांडर यांच्या घातांकाप्रमाणे वेग तेरा टक्क्यांनी वाढलेला असला पाहिजे आणि आपल्या धावपटूची वेळ 26 मिनिटे 33 सेकंदांवर आलेली असली पाहिजे. याचा अर्थ केडन्समधील 160 ते 168 या एकाच बदलाला तीन वेगवेगळी उत्तरे आहेत : श्रम तेवढेच ठेवून केवळ लय बदलली तर तीस मिनिटे, पाऊल काटेकोरपणे कायम ठेवले तर 28 मिनिटे 34 सेकंद, आणि वेग वाढल्याचा परिणाम म्हणून लय वाढली तर 26 मिनिटे 33 सेकंद. ज्या आकड्यावरून इतकी भिन्न उत्तरे निघतात तो एकटा आकडा वेगाचे कारण मानता येत नाही. जलद दिवशी घड्याळात दिसणारा वाढीव केडन्स हा वेगाचा परिणाम आहे, आणि परिणामाला कारणाच्या जागी बसवणे हा या संपूर्ण सल्ल्याचा मूळ दोष आहे.

मिनिटाला 180 पावले हा जो आदर्श आकडा सांगितला जातो, त्याचाही उगम याच गफलतीत आहे. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील लांब पल्ल्याच्या धावपटूंची पावले मोजली, आणि जवळजवळ सर्वांचा केडन्स 180 किंवा त्याहून अधिक आढळला. ते जगातील श्रेष्ठ धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगाने धावत होते, ही पार्श्वभूमी मागे पडली आणि आकडा तेवढा उरला. पॉला रॅडक्लिफ यांनी 13 एप्रिल 2003 रोजी लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत पूर्ण केली. त्या वेगाला मिनिटाला 180 पावले धरली तर प्रत्येक पाऊल 1.73 मीटरचे पडते. तीस मिनिटांत पाच किलोमीटर धावणारीने त्याच 180 पावलांनी धावायचे ठरवले, तर तिचे पाऊल 93 सेंटिमीटरचे होईल. लय एकच असूनही दोघींच्या वेगातील जवळजवळ दुपटीचा फरक सगळाच्या सगळा लांबीत राहील. शिवाय श्रेष्ठ धावपटूंतही हा आकडा सार्वत्रिक नाही. 2016 च्या 100 किलोमीटर जागतिक स्पर्धेतील अग्रणी धावपटूंचा अभ्यास जेफ्री बर्न्स व सहकाऱ्यांनी केला, तेव्हा त्यांची सरासरी 182 आली खरी, पण व्यक्तिगत आकडे 155 पासून 203 पर्यंत पसरलेले होते.

केडन्स वाढवण्याचा सल्ला ज्या संशोधनाच्या नावावर खपवला जातो, ते संशोधन वेगाविषयी नाही, हेही स्पष्ट करणे आवश्यक आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रायन हायडरशाइट व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धावपटूंनी आपला केडन्स पाच आणि दहा टक्क्यांनी वाढवला, तेव्हा गुडघ्यावर पडणारा भार कमी झाला. हा निष्कर्ष मोलाचा आहे, आणि गुडघेदुखीने त्रस्त धावपटूला भौतिकोपचारतज्ज्ञाने हा उपाय सुचवला, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्या प्रयोगात ट्रेडमिलचा वेग मुद्दाम स्थिर ठेवलेला होता. केडन्स जितका वाढला तितकेच पाऊल आखूड झाले, आणि भार कमी झाला तो पाऊल आखूड झाल्यामुळेच. तोच प्रयोग वेगवाढीचा पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे त्याच्या मांडणीच्या नेमके विरुद्ध बोलणे होय.

लय बदलल्याने ऊर्जा वाचत असेल आणि ती वाचलेली ऊर्जा वेगात घालता येत असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल, आणि प्रतिपक्षाची हीच बाजू सर्वांत सबळ आहे. पीटर कॅव्हॅना आणि कीथ विल्यम्स यांनी 1982 मध्ये दाखवले की ठरावीक वेगाला पावलाची लांबी बदलत गेले असता प्राणवायूचा वापर एका विशिष्ट लांबीपाशी सर्वांत कमी होतो, आणि सरावलेला धावपटू सहज जे पाऊल टाकतो ते बहुधा या लांबीच्या अगदी जवळ असते. नवख्यांचे मात्र तसे नसते. नेदरलँड्समधील डे राउटर व सहकाऱ्यांना 2014 मध्ये आढळले की नवख्या धावपटूंची स्वाभाविक लय त्यांच्या सर्वांत किफायतशीर लयीपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी होती, तर अनुभवींच्या बाबतीत हे अंतर सुमारे तीन टक्के होते. तेव्हा नवख्याने केडन्स थोडा वाढवल्यास काही ऊर्जा वाचू शकते, हे मान्य करावेच लागेल. पण प्राणवायूच्या वापराचा हा आलेख तळाशी पसरट असतो. सर्वोत्तम लयीपासून थोडे इकडेतिकडे सरकल्याने खर्चात पडणारा फरक हा लयीतील फरकापेक्षा बराच लहान असतो, म्हणून पाच टक्के लय बदलून पाच टक्के वेग मिळण्याइतकी बचत त्यात नाही. दुसरे असे की ही दुरुस्ती सरावाने पुष्कळदा आपोआप होते. एक्सेटर विद्यापीठातील इझी मूर व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दहा नवख्या महिला धावपटूंचा दहा आठवड्यांच्या सरावाआधी आणि सरावानंतर अभ्यास केला. धावण्याच्या तंत्राचे धडे न देताही त्यांच्या धावण्याची किफायत सुधारली आणि त्यांच्या हालचालींत तिला अनुरूप बदल दिसले.

एक अडचण मोजण्याची आहे. केडन्स 160 असताना त्यात एका पावलाने वाढ झाली आणि लांबी कायम राहिली, तर किलोमीटरमागे सव्वादोन सेकंद वाचतात. पण लांबीत एका सेंटिमीटरचा फरक पडला तर किलोमीटरमागे जवळजवळ साडेतीन सेकंदांचा फरक होतो. दीड पावलाची कमाई एका सेंटिमीटरने बुडते, आणि हा सेंटिमीटर घड्याळाला विश्वासाने मोजता येत नाही. मनगटावरील घड्याळ पावले मोजते ती हाताच्या हेलकाव्यावरून, आणि ती मोजणी बरीच अचूक असते. पावलाची लांबी मात्र ते सामान्यतः उपग्रहांवरून मिळालेल्या अंतराला पावलांच्या संख्येने भागून काढते. झाडांखालून जाणाऱ्या वळणावळणाच्या वाटेवर त्या अंतरात एका टक्क्याची चूक झाली, तरी लांबीत एका सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे जो बदल शोधायचा तो चुकीतच बुडून जातो. ‘केडन्स वाढला आणि पाऊलही टिकले’ असे घड्याळाच्या आधारे सांगणाऱ्याचे विधान यामुळे बहुधा तपासण्याजोगेच नसते.

खरी तपासणी 400 मीटरच्या धावपट्टीवर पावले मोजून होऊ शकते. आपली धावपटू 144 सेकंदांत एक फेरी पूर्ण करते तेव्हा तिची 384 पावले पडतात. तिने कानात 168 चा ठोका लावून, श्रम तेवढेच राहतील असे पाहून, तीच फेरी धावावी आणि वेळ व पावले दोन्ही लिहून ठेवावीत. वेळ 144 च्या आसपास राहिली आणि पावले 403 च्या आसपास गेली, तर लय वाढली तेवढीच लांबी घटली. वेळ वाढली, उदाहरणार्थ पाऊल 97 सेंटिमीटरवर आले आणि फेरीला 147 सेकंद लागले, तर नवी लय तिला महाग पडते आहे, आणि पाच किलोमीटरला ती पूर्वीपेक्षा सुमारे चाळीस सेकंद जास्त घेईल. वेळ कमी झाली, तर श्रम खरोखर तेवढेच होते का, हे हृदयगतीच्या नोंदीवरून पाहावे, आणि एका फेरीवर न थांबता काही दिवसांच्या अंतराने, लयींचा क्रम उलटापालटा करून, तोच प्रयोग पुन्हा करावा, कारण एका फेरीपुरता वाढीव श्रम कोणालाही कळत नकळत करता येतो.

म्हणून जो प्रशिक्षक केडन्स पाच टक्क्यांनी वाढवून पाच किलोमीटरमध्ये दीड मिनिट कमी करण्याचे आश्वासन देतो, त्याने त्याच वाक्यात दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत : पाऊल किती सेंटिमीटर आखूड होईल असे त्याने धरले आहे, आणि वाढीव वेगासाठी लागणारी प्रत्येक मिनिटाची जास्तीची ऊर्जा कोठून येणार आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत धावपटूने 28 मिनिटे 34 सेकंद हा आकडा आपल्या वहीत लिहू नये.